पहिल्या व्हिडिओ कॉलसाठी आजीला एकच गोष्ट शिकवावी

«आई ७८ वर्षांची आहे, गावी राहते आणि आजवर बटणांचाच फोन वापरत आली आहे. भाऊ जर्मनीत असतो. त्याची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. मुलीने आजीला एकदाच पाहिले आहे, मुलाने अजून पाहिलेलेच नाही. येत्या शनिवारी मी माझा स्मार्टफोन घेऊन दोन दिवसांसाठी गावी जाणार आहे. आईला व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा नातवंडांशी नीट बोलता यावे म्हणून काय काय शिकवू? तिचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे आणि तिला थोडे कमी ऐकू येते.»

ताई, तुमच्या आईंना शिकवण्याची गोष्ट माझ्या मते एकच आहे, ती म्हणजे आलेला फोन उचलणे. फोन कुठे आणि कसा ठेवायचा, आधी कुणी बोलायचे, चित्र अडकले तर काय समजायचे आणि शेवटी फोन कुणी बंद करायचा, ही सगळी कामे तुमची आणि तुमच्या भावाची आहेत. साताऱ्यात एका ज्येष्ठ नागरिक संघात मी आठ वर्षे स्मार्टफोनचे वर्ग घेत आहे. पहिला कॉल बटण न समजल्यामुळे फसलेला मी फार कमी वेळा पाहिला आहे. बहुतेक वेळा तो फसतो, कारण आजी बोलायला तोंड उघडते त्याच क्षणी शेजारचे तिघे-चौघे «इकडे बघ, मोठ्याने बोल, हात हलव» असे सांगू लागतात, आणि समोर दिसणाऱ्या मुलाकडे पाहावे की पाठीमागून येणारा आवाज ऐकावा हेच तिला कळेनासे होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. आईंना ऐकू किती कमी येते, गावात कोणत्या खोलीत नेटवर्क टिकते आणि मुलांना मराठी कितपत बोलता येते, यांवर पुढचे काही तपशील बदलतील. शनिवारी पोहोचताच तुमच्याच फोनवरून भावाला पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून पाहावा, आणि तो आई जिथे बसणार आहेत त्याच जागेवरून करावा. ओसरीवर चांगले नेटवर्क असते आणि माजघरात जाड भिंतींमुळे ते तुटते, असे जुन्या घरांत नेहमी आढळते.

आता फोन उचलण्याविषयी. कॉल भावाने करायचा, आईंनी लावायचा नाही. फोन वाजला की उचलायचा, ही गोष्ट त्या कित्येक वर्षे करत आहेत. नवीन आहे ती फक्त हाताची हालचाल. बटणांच्या फोनची सवय असलेला हात हिरवे चिन्ह दिसताच ते जोर लावून दाबून धरतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर मात्र फोन बंद पडद्यावर असताना व्हॉट्सॲपचा कॉल आला, तर ते चिन्ह बोटाने खालून वर सरकवावे लागते, आणि दाबून धरल्याने काहीच घडत नाही. उलट फोन उघडा असेल तर वरच्या बाजूला छोटी पट्टी येते आणि तिच्यावरचे बटण नुसते टेकवावे लागते. या दोन्ही रीती एका दिवशी शिकवू नयेत. तुमच्या फोनवर बंद पडद्यावर काय दिसते ते आधी स्वतः पाहून घ्या, तीच रीत शिकवा आणि कॉलच्या आधी पडदा बंद करूनच फोन त्यांच्यासमोर ठेवा.

ही हालचाल समजावताना मी «विठोबाला उभे गंध लावताना बोट जसे खालून वर नेता, तसे आणि तेवढ्याच हलक्या हाताने» असे सांगते. पडद्याला बोटाचा दाब कळत नाही, त्याला त्वचेतील विजेचा अगदी सूक्ष्म परिणाम कळतो. म्हणून नखाने टेकवले तर फोन दाद देत नाही, आणि वयामुळे कोरड्या, राठ झालेल्या बोटांनाही तो कधीकधी ओळखत नाही. अशा वेळी म्हातारी माणसे «माझ्याच हाताला येत नाही» असे म्हणून हात मागे घेतात. बोट ओल्या फडक्याला टेकवून, पुसून पुन्हा सरकवायला सांगितले की बहुधा काम होते, आणि दोष हाताचा नव्हता हेही त्यांना दिसते.

सरावासाठी दुसरा फोन लागेल, तो शेजारच्या घरातून मागून घ्या. तुम्ही परसात जाऊन आईंना व्हिडिओ कॉल करा आणि त्यांना उचलू द्या. एकाच खोलीत बसून सराव करू नका, कारण एका फोनचा आवाज दुसऱ्यात शिरतो आणि दोन्हींतून कर्कश शिट्टी वाजू लागते. पहिल्याच अनुभवात ती शिट्टी ऐकलेल्या एका आजोबांनी पुढे महिनाभर फोनला हात लावला नव्हता. शनिवारी संध्याकाळी पाच वेळा आणि रविवारी सकाळी दोन वेळा उचलण्याचा सराव पुरतो. भावाला त्याच्या व्हॉट्सॲपच्या चित्रात स्वतःचा स्पष्ट चेहरा लावायला सांगा. अनेकांनी तिथे डोंगर किंवा फुले लावलेली असतात, आणि कॉल आला की आजीला कुणाचा फोन आहे हेच कळत नाही.

बसण्याची जागा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे केलेली चूक आजीची चूक म्हणून गणली जाते. फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा असे सगळीकडे सांगतात आणि दुहेरी भिंगाचा चष्मा नसलेल्या माणसासाठी ते योग्यही आहे. तुमच्या आईंच्या चष्म्यात मात्र जवळचे पाहण्याचे भिंग खालच्या अर्ध्या भागात आहे. फोन डोळ्यांसमोर आला की नातवंडांचे चेहरे नीट दिसण्यासाठी त्या हनुवटी वर करतील, मान मागे टाकतील, आणि मुलांना त्यांच्या नाकपुड्या आणि वरचा पंखा दिसेल. मग कुणीतरी «मान सरळ कर» म्हणेल, त्या मान सरळ करतील आणि मुलांचे चेहरे त्यांना पुसट होतील. म्हणून फोनचा मध्य त्यांच्या हनुवटीच्या पातळीला यावा आणि फोन किंचित मागे कललेला असावा. अंतर साधारण दोन वितींचे ठेवावे. त्याहून फार दूर गेला तर तो जवळच्या भिंगातूनही स्पष्ट दिसत नाही आणि दूरच्या भिंगातूनही नाही.

फोन हातात देऊ नका. हात दमतो, फोन हळूहळू मांडीकडे उतरतो, आणि आवाज बारीक वाटला की जुन्या सवयीने तो कानाला लागतो. मग मुलांना फक्त आजीचा कान दिसतो. पोथीचे लाकडी व्यासपीठ वापरायचा मोह होईल, पण त्यावर फोन फारच मागे झुकतो. मी पिठाचा भरलेला डबा पाटावर किंवा स्टुलावर ठेवते, त्याला फोन टेकवते आणि फोन घसरू नये म्हणून खाली घडी केलेला रुमाल ठेवते. तांदळाच्या वाटीत फोन रोवण्याची युक्ती काही जण करतात, ती टाळावी. बहुतेक फोनचा मायक्रोफोन आणि स्पीकर खालच्या कडेला असतात आणि ते तांदळात बुजले की दोन्हीकडचा आवाज दबतो.

उजेड चेहऱ्यावर यावा. गावातल्या घरांत बसायची नेहमीची जागा दाराजवळ असते आणि दार पाठीशी येते. कॅमेरा मागच्या लख्ख उजेडाशी जुळवून घेतो आणि समोरचा चेहरा काळा पडतो. चार वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा भेटणारी आजी काळी आकृती म्हणून दिसू नये, एवढ्यासाठी बसायची दिशा फिरवून दाराकडे तोंड करावे.

ऐकण्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. वयानुसार कान उतरतो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात. लहान मुलांचा आवाज त्याच पट्टीत असतो, आणि स, फ, त यांसारखी व्यंजने तर आणखी वर असतात. त्यामुळे आईंना नातू बोलतो आहे हे कळेल, पण काय बोलतो ते उमगणार नाही, आणि आवाज पूर्ण मोठा केल्यानेही ते फारसे सुधारणार नाही. पंखा, टीव्ही आणि शेजारची कुजबुज बंद केल्याने जास्त फरक पडतो. भावाने मुलाचे वाक्य संथपणे पुन्हा म्हणावे, म्हणजे ते आईंपर्यंत पोहोचेल. कानात यंत्र असेल तर ते काढू नये. फोन समोर टेकवलेला असला की यंत्राची शिट्टी सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट उशिराची. समोरासमोर बोलताना एकाचे बोलणे संपल्यावर दुसरा जवळजवळ लगेच सुरू करतो. जर्मनीपर्यंत आवाज जाऊन परत यायला मात्र जाणवण्याइतका वेळ लागतो, आणि नेटवर्क अशक्त असेल तर तो आणखी वाढतो. आजी विचारते, उत्तर येत नाही, म्हणून ती पुन्हा विचारते, आणि नेमके त्याच वेळी मुलाचे पहिले उत्तर येऊन पोहोचते. दोघे एकदम बोलले की प्रतिध्वनी टाळण्यासाठी फोन बहुधा एकाचा आवाज दाबतो. मग दोघेही थांबतात आणि दोघेही पुन्हा एकदम सुरू होतात. यावर आईंना एवढेच सांगा की एक गोष्ट विचारल्यावर मनात «एक, दोन, तीन» मोजायचे आणि मगच पुढचे बोलायचे. सरावाच्या वेळी तुम्ही परसातून मुद्दाम उशिरा उत्तर दिलेत की त्यांना हे सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

ट्रंक कॉलच्या काळात दूरच्या माणसाशी ओरडूनच बोलावे लागे, म्हणून अनेक आजी-आजोबा परदेशाचा फोन म्हटला की आवाज चढवतात. «जर्मनी लांब असली तरी नात या डब्याजवळ बसली आहे, तिच्याशी बोला» असे सांगून पाहा.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. आमच्याकडच्या आजीची पहिली वाक्ये मला पाठ झाली आहेत: «ओळखलंस का मला?», «जेवलास का?», «कधी येणार?» तिन्ही वाक्यांत माया आहे आणि तिन्ही पहिल्या कॉलला अडचणीची आहेत. पहिल्या वाक्याने मुलाची परीक्षा होते, आणि ज्याने आजीला पाहिलेलेच नाही तो आईच्या पदराआड जातो. दुसऱ्याचे उत्तर «हो» एवढेच असते आणि बोलणे तिथेच संपते. तिसऱ्याला मुलाकडे उत्तर नसते, भाऊ अवघडतो आणि आईंचा गळा दाटून येतो. म्हणून पहिले वाक्य आजीने स्वतःची ओळख देणारे असावे आणि दुसरे असे, की ज्याचे उत्तर मुलाला बोलून न देता काहीतरी दाखवून देता येईल. भावाला आधीच विचारून ठेवा की धाकट्याच्या हातात सध्या काय असते, कुणाचा दात पडला आहे, कुणी नवीन चित्र काढले आहे.

मागच्या वर्षीचा एक प्रसंग तपशिलाने सांगते. कोरेगाव तालुक्यातल्या एका आजींची नातवंडे मेलबर्नला होती, नात आठ वर्षांची आणि नातू साडेतीन वर्षांचा. पहिला प्रयत्न घरच्यांनीच दिवाळीत केला होता. नऊ माणसे फोनभोवती जमली, फोन हातोहात फिरला, आजींच्या हाती आला तेव्हा «बोल ना, बोल ना» असा गलका झाला, नातू रडून पळाला आणि आजी «त्याला मी आवडले नाही» म्हणून आत जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांची सून मला भेटली.

दुसऱ्या वेळी आम्ही रविवारी सकाळी दहाची वेळ ठरवली, तेव्हा मेलबर्नला दुपारचे साडेतीन वाजलेले होते आणि नातू झोपून उठलेला होता. खोलीत आजी आणि सून एवढ्या दोघीच होत्या. आजींनी आदल्या दिवशी सहा वेळा फोन उचलून पाहिला होता. नातवाला मांजरे आवडतात असे कळले होते, म्हणून घरचे मांजर दुधाच्या वाटीसह पाटाशेजारी होते. फोन वाजला, आजींनी दुसऱ्या प्रयत्नात उचलला, आणि ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, «मी तुझ्या बाबांची आई. आमच्याकडे ही मनी आहे, बघ.» सुनेने मांजर उचलून कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर धरले. नातू काही बोलला नाही, पण आपले कापडी मांजर आणून पडद्याला चिकटवले, त्यामुळे आजींना फक्त राखाडी अंधार दिसला. त्याच्या वडिलांनी ते मागे घेतले तेव्हा आजी म्हणाल्या, «हिचं नाव काय?» आणि मनातल्या मनात तीन मोजले. नातवाने नाव सांगितले. नातीने तिचे चित्र दाखवले, आजींनी त्यातला सूर्य कुठे आहे ते विचारले. सातव्या मिनिटाला नातू उठून गेला, आणि आधी ठरल्यामुळे त्याच्या वडिलांनी लगेच सगळ्यांना हात हलवायला सांगून फोन ठेवला.

सात मिनिटे कमी वाटतील, पण साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी ती पुष्कळ आहेत. तो उठून जाणारच, हे आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या ते मनाला लावून घेणार नाहीत. चित्र अडकण्याचेही आधी सांगावे. अशक्त नेटवर्कवर मुलाचा चेहरा तोंड उघडे असतानाच गोठतो आणि आवाज मात्र येत राहतो. न सांगता असे झाले तर आजी घाबरतात. सराव करताना तुम्ही तुमच्या फोनचा कॅमेरा हाताने झाकून बोलत राहा आणि «दिसले नाही तरी मी इथेच आहे» हे त्यांना अनुभवू द्या. कोपऱ्यात दिसणारे स्वतःचे छोटे चित्रही त्यांचे लक्ष ओढते. ते आरशासारखे असते, त्यात पाहून पदर सावरण्याकडेच मन जाते. ते चित्र बोटाने ओढून खालच्या कोपऱ्यात नेता येते. हे तुम्ही करा, आईंना सांगत बसू नका.

भावाकडेही तीन कामे द्यावी लागतील. त्याने मुलांना टेबलाशी बसवून फोन टेकवून ठेवावा, हातात धरून घरभर फिरू नये, कारण हलत्या चित्रात आईंना चेहरा शोधता येत नाही. मुलांनी दाखवायची वस्तू त्याने आधीच जवळ आणून ठेवावी. आणि शेवट त्याने करावा: «आजीला अच्छा करा» म्हणून दोघांचे हात हलवून, आईंचेही हात हलवून झाल्यावर लाल बटण त्याने दाबावे. आईंकडून चुकून आधी दाबले गेले तर बोलणे तोडल्यासारखे त्यांना वाटत राहते.

तुमची स्वतःची जागा आईंच्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर आणि त्यांच्या चांगल्या कानाकडे असावी. त्या अडल्या तर तुम्ही त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. नातवाने काय म्हटले तेवढेच हळू सांगा आणि थांबा. मला स्वतःला हे जमायला दोन वर्षे लागली, कारण शांतता भरून काढण्याची घाई शेजारच्याला सर्वांत जास्त होते.

वेळ रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास ठेवा. तेव्हा आईंची वामकुक्षी झालेली असते, दारातून उजेड येतो, आणि जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे बारा, उन्हाळ्यात एक वाजलेला असतो. पुढच्या रविवारांसाठी वेळ आईंच्या घड्याळाप्रमाणे कायम धरा आणि भावाला कळवून ठेवा की मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्याच्याकडची घड्याळे एक तास सरकतात. तुम्ही परत गेल्यावर शेजारचे कुणी आपला फोन घेऊन त्या वेळी येऊ शकेल का, हे शनिवारीच विचारून ठेवा. तो फोन वेगळ्या बनावटीचा असेल तर उचलण्याची खूणही वेगळी असू शकते, म्हणून रविवारी कॉल झाल्यावर त्याच फोनवर आईंकडून दोनदा उचलून घ्या.